‘पाच दिवस दूध नको’: एका छोट्या सोयीचं कार्ड लिहिताना

महिन्याचं दूध लावलेलं घर गणपतीला गावी निघालं की शेवटच्या घाईत एक काम हमखास आठवतं, दूधवाल्याला सांगायचं राहिलं. पूर्वी ते दारातच उरकायचं. “पाच दिवस नाही आहोत दादा, दूध टाकू नका,” एवढं पुरे असायचं. महिनाअखेर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरच्या फुल्या मोजून खाडे वजा व्हायचे आणि पैसे दिले जायचे. आता अनेक घरी दूध ॲपवरून लागतं. पहाटे पिशवी टाकून जाणारा मुलगा क्वचितच दिसतो, त्याची लाइनही बदलत राहते, आणि कोणत्या दारात किती पिशव्या ठेवायच्या हे त्याला मोबाइलवरची यादी सांगते. त्या यादीतून आपलं घर ठरावीक दिवस वगळलं जावं, अशी सोय ॲपमध्येच हवी.

ही सोय म्हणजे प्रॉडक्ट मॅनेजमेंटमध्ये नव्यानं आलेल्या इंटर्नला द्यायचं नेमकं काम. दिसायला एक पडदा, दोन तारखा, एक बटण. इंटर्न कोड लिहीत नाही, चित्रंही काढत नाही. काय बनवायचं, कोणासाठी, कशासाठी आणि ते झालं असं कधी म्हणायचं, हे ती लिहून देते. पहिल्या तीन गोष्टींना ‘यूजर स्टोरी’ म्हणतात, आणि चौथीला ‘ॲक्सेप्टन्स क्रायटेरिया’, म्हणजे काम स्वीकारण्याचे निकष. इंटर्नांची अशी पहिली कार्डं वाचणं हा माझ्या कामाचा भाग आहे. स्टोरी बहुतेकांना दोन प्रयत्नांत जमते. निकष लिहिताना मात्र माणूस अडतो, आणि खरं काम तिथेच असतं. म्हणून इथे एका दूध-ॲपचा नमुना घेऊन तोच भाग सावकाश पाहू.

स्टोरी लिहिण्याची ही रीत अमेरिकेतल्या सॉफ्टवेअरवाल्यांकडून आली. 1996 च्या सुमारास क्रायस्लर या मोटार कंपनीत पगारपत्रकाची एक मोठी प्रणाली नव्यानं बांधली जात होती. त्या कामावर केंट बेक यांनी जाडजूड आवश्यकता-ग्रंथाऐवजी छोटी कार्डं वापरायला सुरुवात केली. एका कार्डावर एक गरज, वापरणाऱ्याच्या भाषेत. त्यांचे सहकारी रॉन जेफ्रीज यांनी 2001 मध्ये या पद्धतीचे तीन भाग मांडले: कार्ड, त्यावरचं बोलणं आणि शेवटी खातरजमा. त्याच सुमारास लंडनच्या कनेक्स्ट्रा कंपनीतल्या मंडळींनी आज सगळीकडे दिसणारा साचा रूढ केला, ‘अमुक म्हणून मला तमुक हवं, म्हणजे मला असा उपयोग होईल’. आता कार्डं कागदावर राहिली नाहीत, ती जिरासारख्या सॉफ्टवेअरमध्ये भरली जातात. पण तीन भाग तेच आहेत. मधला भाग, म्हणजे बोलणं, गळला की उरलेल्या दोघांत फार अर्थ राहत नाही.

खाड्याच्या सोयीसाठी इंटर्न पहिलं कार्ड साधारण असं लिहिते: ‘वापरकर्ता म्हणून मला पॉजचं बटण हवं, म्हणजे मला डिलिव्हरी पॉज करता येईल.’ साच्यात हे अगदी बसतं, आणि तरीही ते काहीच सांगत नाही. ‘वापरकर्ता’ कोण? रोज दूध घेणारं घर, एक दिवसाआड घेणारं घर, की ग्राहकाच्या वतीनं नोंद करणारी कॉल सेंटरमधली ताई? ‘बटण हवं’ हा उपाय आधीच ठरवून टाकला, गरज सांगितलीच नाही. आणि ‘म्हणजे’ नंतरचा भाग पहिल्याच भागाचा पुनरुच्चार आहे. हा शेवटचा दोष ओळखायची सोपी खूण अशी, की ‘म्हणजे’ नंतरचं वाक्य झाकलं तरी वाचणाऱ्याला काही चुकल्यासारखं वाटत नाही.

दुसरं कार्ड लिहिण्याआधी तिनं दोन ठिकाणी जाऊन बसायला हवं. पहिलं ठिकाण कॉल सेंटर. तिथे दूध थांबवण्यासाठी फोन करणाऱ्यांचं बोलणं अर्धा दिवस ऐकलं तरी लक्षात येतं, की लोकांच्या दोन वेगळ्या काळज्या आहेत. एक, बंद दारासमोर पिशव्या साठून नासतील आणि घर रिकामं आहे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळेल. दुसरी, न घेतलेल्या दुधाचे पैसे लागतील. दुसरं ठिकाण म्हणजे पहाटे गाड्या भरल्या जातात ते केंद्र. तिथलं काय कळतं ते पुढे येईलच. या दोन बैठकांनंतरचं कार्ड असं होतं:

‘रोजचं दूध लावलेली ग्राहक म्हणून, गावी जाण्याआधी ठरावीक तारखांचं दूध मला स्वतःच थांबवता यावं, म्हणजे बंद दारात पिशव्या साठणार नाहीत आणि त्या दिवसांचे पैसे माझ्या बिलात येणार नाहीत.’

बटणाचा उल्लेख गेला, ते कसं दिसावं हे डिझायनर ठरवील. ‘म्हणजे’ नंतर दोन काळज्या आल्या, आणि त्यांनी एक उपकार केला. या कामात दारातली पिशवी जशी आहे तसं बिलही आहे, हे कार्ड वाचणाऱ्या प्रत्येकाला कळलं. पहिल्या कार्डावरून काम करणाऱ्या डेव्हलपरनं यादीतून घर वगळलं असतं आणि बिलाकडे पाहिलंही नसतं. त्याला दोष देता आला नसता, कारण त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

आता निकष. इंटर्नच्या पहिल्या निकषांत ‘खाडा सहज नोंदवता यावा’, ‘नोंद त्वरित व्हावी’, ‘बिल योग्य यावं’ अशी वाक्यं असतात. मी अशा प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायला सांगते, की या निकषात सोय नापास कशी होईल? ‘सहज’ नसल्याचं टेस्टर कशावरून सिद्ध करणार? नापास करता येत नाही तो निकष नव्हे, ती इच्छा आहे. निकषात ठरावीक सुरुवातीची परिस्थिती असते, एक कृती असते आणि डोळ्यांनी पाहता येईल असा परिणाम असतो. इंग्लंडच्या डॅन नॉर्थ यांनी या तीन भागांची मांडणी रूढ केली. ‘असं असताना, असं केल्यावर, असं व्हावं’ या क्रमानं लिहिलं की ढिसाळ वाक्याला लपायला जागा उरत नाही, कारण तिन्ही जागी काहीतरी ठोस भरावंच लागतं.

सगळ्यात आधी वेळेचा निकष घेऊ. उद्याचं दूध आज किती वाजेपर्यंत थांबवता येईल? ग्राहकाला विचारलं तर ती म्हणेल, कधीही. इथे गाड्या भरण्याच्या केंद्रातली पहाट कामी येते. आपल्या नमुन्यात रात्री 10 वाजता उद्याची मागणी गोठते. त्या आकड्यावरून कोणत्या गाडीत किती क्रेट चढवायचे ते ठरतं, आणि पहाटे केंद्रातून निघताना दूध टाकणारी मुलं आपल्या लाइनीची यादी मोबाइलवर उतरवून घेतात, कारण सोसायट्यांच्या तळमजल्यावर नेटवर्क असेलच असं नाही. रात्री साडेअकराला नोंदवलेला खाडा ॲपमध्ये दिसेल, पण त्याआधीच गाडीचा हिशेब झालेला असेल. ‘10’ हा आकडा कुठून आला हे इंटर्नला माहीत असेल तर तो 11 करा असं कोणी सुचवल्यावर काय बिघडेल हे ती सांगू शकते. माहीत नसेल तर ती मान डोलावेल.

मग निकष असा लिहिला जातो: 11 सप्टेंबरला रात्री 9 वाजून 59 मिनिटांनी ग्राहकानं 12 तारखेपासून खाडा नोंदवला, तर 12 तारखेच्या यादीत तिचं घर नसावं. 10 वाजता किंवा त्यानंतर तिला 12 तारीख निवडताच येऊ नये, पहिली उपलब्ध तारीख 13 असावी. आणि ही वेळ सर्व्हरच्या घड्याळाची धरावी, ग्राहकाच्या फोनमधल्या नव्हे. हे शेवटचं वाक्य बारीक वाटतं, पण फोनचं घड्याळ दहा मिनिटं मागे असलेली माणसं असतात. त्यांच्या स्क्रीनवर नोंद झालेली दिसते आणि सकाळी दारात पिशवी असते.

इथपर्यंत इंटर्न टेबलावर बसून पोहोचू शकते. पुढचा प्रश्न मात्र सहसा टेस्टर विचारतो. त्यासाठीच काम सुरू होण्याआधी प्रॉडक्टवाला, डेव्हलपर आणि टेस्टर अशी तीन माणसं अर्धा-पाऊण तास कार्ड समोर ठेवून बसतात. टेस्टर म्हणतो, “ग्राहकानं 9 वाजून 58 मिनिटांनी पडदा उघडला, 12 तारीख निवडली, तेवढ्यात दार वाजलं, आणि बटण दाबलं 10 वाजून 1 मिनिटाला. मग?” पडद्यावर 12 तारीख अजून उपलब्ध दिसतेय. सोय गुपचूप 13 पासून लागू केली तर ग्राहकाला ते सकाळी पिशवी पाहून कळेल. नुसतं ‘चूक झाली’ म्हणून परत पाठवलं तर ती गाडीत बसेल आणि विसरून जाईल. ठरतं असं, की वेळ बटण दाबण्याच्या क्षणी तपासावी, आणि 12 चं दूध आता थांबवता येणार नाही, 13 पासून थांबवायचं का, असं विचारून तिच्या होकारानंतरच नोंद करावी. हा निर्णय त्या पाऊण तासात झाला नसता तरी कधीतरी झालाच असता. रात्री कोड लिहिणाऱ्या एकट्या डेव्हलपरनं त्याच्या अंदाजानं तो घेतला असता आणि कोणाला कळलंही नसतं. निकष लिहिणं म्हणजे असे निर्णय उजेडात, योग्य माणसांसमोर घेणं. म्हणूनच ज्या निकषांच्या यादीनं एकही वाद उपस्थित केला नाही, तिच्याकडे मी संशयानं पाहते.

दुसरी अडचण तारखांच्या अर्थाची. ‘12 ते 16’ म्हणजे 16 ला दूध हवं की नको? “16 ला परत येतोय” असं म्हणणाऱ्याला 16 च्या सकाळी दूध नको असतं, कारण तो संध्याकाळी पोहोचतो. रात्रीच्या गाडीनं पहाटे उतरणाऱ्याला मात्र चहासाठी तेच दूध हवं असतं. ॲपला हे ओळखता येणार नाही. म्हणून निकष असा, की दोन्ही टोकांच्या तारखा खाड्यात धराव्यात, आणि नोंद झाल्यावर पडद्यावर खाड्याच्या तारखांबरोबरच ‘पुढचं दूध 17 सप्टेंबरला येईल’ हे वाक्य दिसावं. त्या वाक्याचा रंग आणि जागा निकषात लिहायची नाही, पण ते असलंच पाहिजे हे लिहायचं. गैरसमज झाला असेल तर तो घरात बसूनच सुटतो.

हेच वाक्य पुढच्या, सगळ्यात अवघड निकषात उपयोगी पडतं. काही घरांचं दूध एक दिवसाआड असतं. समजा, एका घरी सम तारखांना एक लिटर येतं. त्यांनी 12 ते 16 खाडा नोंदवला, म्हणजे 12, 14 आणि 16 चं दूध गेलं. पुढचं दूध 17 ला की 18 ला? जुनी लय धरली तर 18. खाडा संपल्या दिवसापासून नवी लय सुरू केली तर 17, आणि मग ते घर कायमचं विषम तारखांवर जातं. दोन्ही बाजूंनी बोलता येतं. प्रवासाहून आलेल्या घराला दुसऱ्याच सकाळी दूध हवं असेल. उलट लाइन सांभाळणाऱ्याचं म्हणणं, की सम आणि विषम तारखांची घरं अशी वाटलेली असतात की दोन्ही दिवशी गाडीवर सारखाच भार येतो. सणानंतर शेकडो घरांनी लय बदलली तर तो तोल जाईल. हा निर्णय इंटर्नचा नाही, डेव्हलपरचाही नाही. वितरण सांभाळणाऱ्या व्यवस्थापकाकडे जाऊन तो आणायचा आणि कार्डावर लिहायचा. आपल्या नमुन्यात जुनी लय कायम राहते, पडद्यावर ‘पुढचं दूध 18 सप्टेंबरला येईल’ असं दिसतं, आणि 17 ला हवं असेल तर ॲपमध्ये आधीपासून असलेली एका दिवसाची जादा मागणी नोंदवता येते.

या घराचं बिल पाहिलं की खरी चूक कुठे दडलेली असते ते कळतं. एक लिटरला 60 रुपये धरू. रोज दूध घेणाऱ्या घराचा सप्टेंबरचा हिशेब सोपा आहे: 30 दिवसांतून 5 खाडे गेले, 25 दिवसांचे 1500 रुपये. निकषांत फक्त हेच उदाहरण असेल तर डेव्हलपर ‘एकूण वजा खाड्याचे दिवस’ असा हिशेब लिहील, आणि उदाहरण पास होईल. आता दिवसाआडचं घर घ्या. सप्टेंबरात सम तारखा 15, म्हणून एरवीचं बिल 900 रुपये. खाड्याचे दिवस 5 म्हणून 300 वजा केले तर 600 येतात. पण दूध चुकलं फक्त तीनच दिवस, म्हणजे 180 वजा व्हायला हवेत आणि बिल 720 रुपयांचं यायला हवं. प्रत्येक घरामागे 120 रुपयांचा तोटा, आणि तो ग्राहकाच्या फायद्याचा असल्यामुळे तक्रार करायला कोणी फोनही करणार नाही. म्हणून निकष असा लिहायचा, की बिल प्रत्यक्ष पोहोचलेल्या पिशव्यांवरून व्हावं, आणि त्याखाली ही दोन्ही उदाहरणं आकड्यांसह द्यायची. नियम एका वाक्यात आणि उदाहरणं दोन. दुसरं उदाहरण मुद्दाम असं निवडायचं, की चुकीच्या नियमानं वेगळं उत्तर येईल.

एवढं लिहून होईपर्यंत यादी वाढू लागते. गावाहून लवकर परतलो तर? खाडा आणखी दोन दिवस वाढवायचा असेल तर? दर रविवारी दूध नकोच असेल तर? फोन न वापरणाऱ्या आजीसाठी कॉल सेंटरमधून नोंद करायची असेल तर? प्रत्येक प्रश्न रास्त आहे, आणि सगळे एकाच कार्डावर आले की ते कार्ड दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये मावत नाही. माझा ढोबळ अंदाज असा, की निकष आठ-नऊच्या पुढे गेले की आत दुसरी स्टोरी दडलेली असते.

फोड करताना इंटर्न अनेकदा पहिलं कार्ड पडद्याचं, दुसरं डेटाबेसचं आणि तिसरं बिलाचं करते. ही फोड बनवणाऱ्यांच्या सोयीची आहे. पहिलं कार्ड पुरं झालं तरी गावी निघालेल्या बाईला त्याचा काहीच उपयोग नाही, कारण पडदा आहे पण यादीतून घर वगळलं जात नाही. फोड अशी हवी, की प्रत्येक तुकड्यात पडदा, यादी आणि बिल तिन्ही थोडं थोडं असावं आणि तो तुकडा एकटाच कोणाच्या तरी कामी यावा. पहिलं कार्ड ठरावीक तारखांच्या खाड्याचं. दुसरं चालू खाडा लवकर संपवण्याचं किंवा वाढवण्याचं. तिसरं कॉल सेंटरचं. दर रविवारचा खाडा हा दुधाच्या वेळापत्रकातलाच बदल आहे, त्याचा या कार्डांशी संबंध नाही, म्हणून तो बॅकलॉगमध्ये वेगळा ठेवायचा. आणि पहिल्या कार्डाच्या तळाशी ‘यात काय नाही’ हे स्पष्ट लिहायचं. नाहीतर शेवटच्या दिवशी दाखवायला बसल्यावर कोणीतरी म्हणतंच, “अरे, वाढवता नाही येत?”

पण अशी रेष आखली तरी पहिल्या कार्डाला एक कोपरा सोडवावाच लागतो. वाढवायची सोय नाही म्हणून ग्राहक दुसरा खाडा नोंदवील. आधीचा 12 ते 16, नवा 15 ते 18. नव्या नोंदीला अडवायचं, की दोन्ही जोडून 12 ते 18 करायचं? जोडणं ग्राहकाला सरळ वाटतं. मात्र दोन नोंदी वेगवेगळ्या ठेवून खाड्याचे दिवस मोजणारा कोड 15 आणि 16 दोनदा मोजेल. बिल पोहोचलेल्या पिशव्यांवरून करायचं ठरलेलं असल्यानं ही चूक बिलात शिरत नाही, तरी पडद्यावर 9 दिवसांचा खाडा दिसेल आणि तारखा मोजणारी ग्राहक गोंधळेल. म्हणून निकष लिहायचा: एकमेकांवर येणारे खाडे एकच धरावेत, एकूण दिवस 7 दिसावेत, पुढचं दूध 19 ला.

काही गोष्टी या यादीत येता कामा नयेत. ॲप जुन्या फोनवर चालावं, मराठी आणि हिंदी मजकूर तुटू नये, कोड दुसऱ्यानं तपासलेला असावा, या अटी प्रत्येक कामाला लागू असतात. त्या टीमच्या कायमच्या यादीत एकदाच असतात. त्या प्रत्येक कार्डावर उतरवल्या की खाड्याचे खास निकष त्यांत बुडतात आणि वाचणारा वरवर डोळे फिरवतो.

काम पुरं झाल्यावर तपासणीला आणखी एक अडचण येते. यादीतून घर वगळलं की नाही हे दुसऱ्याच पहाटे दिसतं, पण बिल 1 ऑक्टोबरलाच निघतं. तोवर थांबायचं तर स्टोरी तीन आठवडे उघडी राहते. त्यासाठी टेस्टर चाचणीच्या सर्व्हरवर तारीख पुढे सरकवतो, तीन खोटी घरं बनवतो (रोजचं, सम तारखांचं, एकमेकांवर येणारे खाडे असलेलं) आणि महिनाअखेरचा हिशेब चालवून आकडे कार्डाशी ताडून पाहतो. रोजच्या घराचं बिल 1500 आणि दिवसाआडच्या घराचं 720 आलं, तर इंटर्न ते दोन निकष पुरे झाले अशी खूण करते. तिसऱ्या घरासाठी किती यायला हवेत हे तिनं कार्डावर लिहिलेलंच नसतं, आणि टेस्टर ते विचारायला येतो. ती दोघं तिथेच बसून मोजतात: 30 दिवस, 7 खाडे, 23 लिटर, 1380 रुपये. आकडा कार्डावर चढतो, आणि मग तो हिशेब पुन्हा चालवून पाहतो.